सोनोग्राफीत अचानक सापडलेला अंडाशयातला डर्मॉइड: थांबायचं कधी आणि शस्त्रक्रिया ठरवायची कधी

सोनोग्राफी केलेली असते मुतखड्यासाठी किंवा पाळीच्या तक्रारीसाठी, आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ निघते: उजव्या अंडाशयात डर्मॉइड सिस्ट असण्याची शक्यता. तिथून पुढे दोन प्रकारच्या चुका होतात. काही जणी घाबरून त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेची तारीख घेतात, आणि लहानशा गाठीपायी कधी कधी अख्खं अंडाशय गमावतात. काही जणी ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणून रिपोर्ट कपाटात टाकतात, आणि काही वर्षांनी मध्यरात्री पोट धरून तातडीच्या विभागात पोचतात.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ‘काढायची की ठेवायची’ हा खरा शेवटचा प्रश्न, तो सगळ्यात आधी विचारला जातो. त्याच्या आधीच्या पायऱ्या नीट झाल्या, तर उत्तर बऱ्याचदा आपोआप समोर येतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू: २९ वर्षांची एक स्त्री, मूल नाही पण पुढे हवं आहे, काहीही त्रास नाही, आणि रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला ५२ × ४६ × ४१ मिमी मापाची गाठ.

## १. आधी बघा: आत्ता तातडी आहे का?

डर्मॉइड ही अंडाशयातल्या बीजपेशींपासून तयार होणारी, बहुतांशी निरुपद्रवी गाठ आहे. तिच्या आत त्वचेसारखं अस्तर असतं, त्यातून तेलकट स्निग्ध पदार्थ आणि केस साठत जातात, क्वचित दातही सापडतात. हे सगळं अतिशय हळू होतं. रिपोर्ट आज हातात आला म्हणून गाठ आज झाली असं नाही. ती कित्येक वर्षं तिथेच असण्याची शक्यता जास्त.

त्यामुळे त्रास नसेल तर काही आठवडे विचारात गेले तरी नुकसान होत नाही. याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे अंडाशयाला पीळ पडणं. गाठीच्या वजनाने अंडाशय स्वतःभोवती फिरतं, त्याच्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात आणि रक्तपुरवठा तुटू लागतो.

सावधान: ओटीपोटात एका बाजूला अचानक सुरू झालेली जोराची कळ आणि सोबत मळमळ किंवा उलटी, असं झालं तर दुखण्याची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि ‘मला डर्मॉइड आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. हे सांगितलं नाही तर पित्त किंवा मुतखडा समजून काही तास वाया जातात. अंडाशय वाचवायचं असेल तर ते तास महागात पडतात.

इथे दोन गैरसमज नेहमी आड येतात. पहिला असा की कळ थांबली म्हणजे धोका टळला. पीळ अर्धवट पडून सुटू शकतो आणि पुन्हा पडू शकतो. येऊन-जाऊन येणारी कळ हीच त्याची खूण असते. दुसरा असा की डॉप्लर तपासणीत रक्तप्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळतं, त्यामुळे पीळ असूनही प्रवाह दिसू शकतो. लक्षणं ठळक असतील तर अनुभवी डॉक्टर नुसत्या डॉप्लरवर विसंबत नाहीत.

ताप आणि सगळ्या पोटात पसरलेलं दुखणं, किंवा पोट हात लावू देणार नाही इतकं कडक होणं, हीसुद्धा तातडीची लक्षणं आहेत. गाठ फुटणं किंवा तिच्यात जंतुसंसर्ग होणं पीळ पडण्यापेक्षा बरंच दुर्मीळ आहे, पण तेव्हाही थांबण्याचा प्रश्न नसतो.

आणखी एक लक्षण सांगायला हवं, कारण ते पोटात नसून डोक्यात दिसतं आणि दोघांचा संबंध कुणाच्या मनातही येत नाही. तरुण मुलीच्या वागण्यात काही दिवसांत विचित्र बदल झाला, भास होऊ लागले, विसरायला लागली किंवा झटके आले, आणि तिला डर्मॉइड असल्याचं माहीत असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना ते लगेच सांगा. क्वचित अशा गाठीतल्या मज्जातंतूंच्या पेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि ती मेंदूवर हल्ला चढवतात. अशा वेळी लहानशी गाठसुद्धा लवकर काढावी लागते.

यातलं काहीच नसेल तर पुढच्या पायरीवर या. उदाहरणातल्या स्त्रीला काहीच त्रास नाही, म्हणजे तिच्याकडे वेळ आहे.

## २. गाठ खरंच डर्मॉइड आहे का, हे पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्यावा असं माझं मत आहे, आणि नेमकी हीच वगळली जाते. ‘शक्यता’ लिहिलेल्या ओळीला निदान समजून पुढचं सगळं ठरवलं जातं.

सर्वसाधारण पोटाची सोनोग्राफी करणाऱ्याचं लक्ष मूत्रपिंड-यकृताकडे असतं, अंडाशय जाता जाता पाहिलं जातं. म्हणून पहिलं काम म्हणजे स्त्रीरोगाच्या सोनोग्राफीत हात बसलेल्या तज्ज्ञाकडून, शक्यतो योनीमार्गातून, अंडाशयांची वेगळी तपासणी. त्यासाठी मूत्राशय रिकामं असावं लागतं; पोटावरून करायची असेल तर भरलेलं. शरीरसंबंध आलेला नसेल तर योनीमार्गाचा आग्रह धरला जात नाही, पोटावरून किंवा गुदमार्गातून तपासणी होते, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात तपासणी केली तर बीज तयार होतानाच्या नेहमीच्या फुग्यांची भेसळ कमी होते.

सोनोग्राफीत डर्मॉइड स्वतःची ओळख बऱ्यापैकी पटवून देतो. गाठीत एक पांढरा, चकचकीत गोळा असतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. केस आणि स्निग्ध पदार्थ ध्वनिलहरी अडवतात म्हणून असं होतं. पातळ द्रवात तरंगणारे केस बारीक रेघा आणि ठिपक्यांसारखे दिसतात. काही गाठींत तेल आणि पाणी यांची वेगवेगळी पातळी दिसते. यातली एक-दोन लक्षणं स्पष्ट असली आणि आतल्या घट्ट भागात रक्तप्रवाह नसला, तर निदान बरंच भरवशाचं असतं.

फसवणारी मंडळीही ठरलेली आहेत. बीज फुटल्यावर आत रक्त साठून झालेली गाठ जाळीदार दिसते आणि पहिल्या नजरेत डर्मॉइड वाटू शकते. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, त्यात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची ‘चॉकलेट सिस्ट’ही चकवते. उलटही घडतं: डर्मॉइडची काळी सावली आतड्यातल्या वायूसारखी दिसते आणि मोठी गाठ नजरेतून निसटते, किंवा तिचा फक्त वरचा भाग मोजला जातो.

तपासा: तुमच्या रिपोर्टमध्ये या गोष्टी लिहिल्या आहेत का? कोणत्या बाजूला, तीन मापं, आत काय दिसतं, घट्ट भागात रक्तप्रवाह आहे की नाही, दुसरं अंडाशय कसं आहे, पोटात पाणी आहे का. दुसरं अंडाशय मुद्दाम विचारा, कारण दहापैकी साधारण एकीला दोन्ही बाजूंना डर्मॉइड असतो. यातलं काही राहिलं असेल तर रिपोर्ट अपुरा आहे. तो पुरा करून घ्या आणि मगच मत मागायला जा.

### शंका उरली तर

सहा ते आठ आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करणं हा सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक उपाय. रक्ताची गाठ तेवढ्यात विरते किंवा बरीच लहान होते. डर्मॉइड विरत नाही. ‘औषधाने माझा डर्मॉइड विरघळला’ असं कुणी सांगितलं तर तो मुळात डर्मॉइड नव्हता असंच धरून चाला. गर्भनिरोधक गोळ्या असोत की इतर कोणती औषधं, आतला स्निग्ध पदार्थ त्यांनी वितळत नाही. सुई टोचून आतला द्रव काढणं हा तर मार्गच नाही. गाठ तशीच राहते आणि आतला पदार्थ पोटात सांडण्याचा धोका वाढतो.

तरीही चित्र धूसर राहिलं तर एमआरआय उपयोगी पडतो. स्निग्ध पदार्थाचा उजळपणा मुद्दाम दाबून टाकणारी चित्रं त्यात घेता येतात. साध्या चित्रात चमकणारा भाग त्या चित्रात काळवंडला की तो स्निग्ध पदार्थच, म्हणजे डर्मॉइडचा भक्कम पुरावा. सोनोग्राफीतच सगळं स्पष्ट असेल तर एमआरआयची गरज नाही.

रक्ततपासण्यांबाबत एक मोठा गोंधळ आहे. सीए १२५ ही अंडाशयाच्या कर्करोगाची खूण शोधणारी तपासणी सरसकट लिहिली जाते आणि आकडा थोडा वाढलेला आला की घरात झोप उडते. पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये हा आकडा पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, साध्या सुजेतसुद्धा वाढतो. तशाच दुसऱ्या तपासणीचा, सीए १९-९चा, आकडा तर निरुपद्रवी डर्मॉइडमध्येही बऱ्याचदा वाढलेला असतो. स्पष्ट डर्मॉइड असताना या आकड्यांवरून कर्करोगाचा तर्क करू नका. चाळिशीच्या आतल्या स्त्रीच्या गाठीत घट्ट भाग जास्त असेल, गाठ झपाट्याने वाढत असेल किंवा निदानच डळमळीत असेल, तर मात्र एएफपी, एलडीएच आणि बीटा एचसीजी या तीन तपासण्यांना अर्थ आहे. बीजपेशींच्या घातक गाठी त्यांतून सापडू शकतात.

उदाहरणातल्या स्त्रीची सोनोग्राफी पुन्हा झाली. पांढरा गोळा, मागची सावली, रेघा-ठिपके सगळं दिसलं, आत रक्तप्रवाह नाही, डावं अंडाशय व्यवस्थित. निदान पक्कं. तिला एमआरआयही लागला नाही आणि रक्ताच्या आकड्यांच्या मागेही लागावं लागलं नाही.

## ३. मूळ माप नोंदवून ठेवा

पुढचे सगळे निर्णय ‘वाढली का’ या प्रश्नावर चालतात, आणि पहिलं माप कच्चं असेल तर त्याचं उत्तर कधीच मिळत नाही.

आधी एकक बघा. ५२ मिमी म्हणजे ५.२ सेमी. काही रिपोर्टमध्ये जोडीला घनफळही दिलेलं असतं. ५२ × ४६ × ४१ मिमीच्या गाठीचं घनफळ साधारण ५१ घनसेंटिमीटर येतं. ‘आधी ५ होती, आता ५१ झाली’ अशी घबराट यातूनच जन्माला येते. एकात लांबी असते, दुसऱ्यात घनफळ.

मग तिन्ही मापांची सरासरी काढा: (५२ + ४६ + ४१) ÷ ३, म्हणजे सुमारे ४६ मिमी. तुलनेसाठी हा आकडा सगळ्यात मोठ्या मापापेक्षा भरवशाचा असतो, कारण सोनोग्राफीचा कोन थोडा बदलला तरी एखादं माप ३-४ मिमीने सहज पुढेमागे होतं.

पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये डर्मॉइड सरासरीने वर्षाला दोन मिमीपेक्षाही कमी वाढतो. म्हणजे तीन महिन्यांनी मोजून हाती काहीच लागत नाही. जे दिसतं ते बहुधा मोजणाऱ्याच्या हाताचं अंतर असतं.

तपासा: नुसता रिपोर्ट नको, चित्रंही जपा. फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून तारखेसकट ठेवा. थर्मल कागदावरची चित्रं काही वर्षांत फिकी पडतात.

## ४. आता ठरवा: थांबायचं की काढायचं

निर्णय एका आकड्यावर होत नाही. तरी आकाराचा अंदाज हवा, म्हणून सांगते: चार-पाच सेमीपर्यंतची, त्रास नसलेली, निदान स्पष्ट असलेली गाठ बिनघोर निरीक्षणाखाली ठेवता येते. पाच-सहा सेमीच्या पुढे पीळ पडण्याची भीती वाढते, म्हणून बरेच शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेचा विषय काढतात. दहा सेमी आणि त्यापुढच्या गाठीला थांबण्याचा सल्ला क्वचितच मिळतो. मधल्या पट्ट्यात डॉक्टरा-डॉक्टरांत मतभेद असतात आणि ते प्रामाणिक असतात. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे एक खोटं बोलतोय असं समजू नका, कारण विचारा.

आकार बाजूला ठेवला तरी शस्त्रक्रियेकडे नेणाऱ्या चार गोष्टी आहेत. पहिली म्हणजे त्रास: त्या बाजूला वारंवार येणारी कळ, जडपणा, लघवीवर दाब. दुसरी म्हणजे खरी वाढ, सरासरी मापात सलग दोन तपासण्यांत दिसलेली. वर्षाला दोन-दोन सेमी वाढणारी गाठ साध्या डर्मॉइडसारखी वागत नाही, तिचं निदानच पुन्हा तपासावं लागतं. तिसरी म्हणजे चित्रातला बदल: घट्ट भागात रक्तप्रवाह दिसू लागणं, भिंत वेडीवाकडी होणं, गाठ आजूबाजूच्या अवयवांत घुसल्यासारखी दिसणं. चौथी म्हणजे वय. डर्मॉइडमध्ये कर्करोग होण्याचं प्रमाण शंभरात जास्तीत जास्त एक-दोन, आणि त्यातल्या बहुतेक स्त्रिया पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, गाठी मोठ्या. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रीची लहान, ठळक डर्मॉइड ठेवता येत असली तरी तिथे निरीक्षण काटेकोर हवं, आणि नव्याने वाढू लागलेली गाठ काढण्याकडेच कल असावा.

‘गाठीमुळे दिवस राहत नाहीत’ हे कारण मात्र या यादीत नाही. लहान डर्मॉइड बीज तयार होण्याच्या किंवा फुटण्याच्या आड सहसा येत नाही. उलट घाईने केलेल्या शस्त्रक्रियेत अंडाशयाचा निरोगी भाग गेला तर तोटा होतो. मूल होत नसेल तर बाकीच्या तपासण्या आधी पूर्ण करा. गाठ सापडली म्हणून सगळा दोष तिच्या माथी मारू नका.

उदाहरणातली स्त्री नेमकी काठावर आहे. ५.२ सेमी, त्रास शून्य, मूल लगेच नको. तिच्यापुढे दोन्ही वाटा खुल्या होत्या. पीळ पडण्याची लक्षणं तिला नीट समजली होती आणि गरज पडली तर रुग्णालय जवळ होतं, म्हणून तिने थांबायचं ठरवलं. हाच आकार असलेली दुसरी स्त्री, जिला महिनोन्‌महिने वैद्यकीय मदतीपासून दूर राहावं लागणार आहे, तिने शस्त्रक्रिया निवडली तर मी तिला चूक म्हणणार नाही.

### गरोदरपणात सापडली तर

सुरुवातीच्या सोनोग्राफीत डर्मॉइड दिसणं फार काही विरळा नाही. त्रास नसलेल्या पाच-सहा सेमीच्या आतल्या गाठी साधारणपणे तशाच ठेवतात आणि प्रसूतीनंतर बघतात. मोठी गाठ किंवा वारंवार कळा असतील तर ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी चौथ्या-पाचव्या महिन्याचा काळ निवडला जातो. पीळ पडला तर महिना कोणताही असो, थांबत नाहीत. गरोदरपणात उलट्या होतच असतात, म्हणून पिळाच्या उलट्या सहज दुर्लक्षिल्या जातात. एका बाजूची अचानक कळ हा त्यातला फरक.

## ५. थांबायचं ठरलं तर निरीक्षण असं ठेवा

निदानाबद्दल थोडीही शंका होती त्यांनी पहिली फेरतपासणी लवकर करावी. निदान पक्कं असेल तर साधारण वर्षातून एकदा पुरते. दर वेळी शक्यतो तेच केंद्र, तशीच पद्धत, पाळीच्या त्याच सुमाराचे दिवस. जाताना जुनी चित्रं घेऊन जा आणि ‘मागच्या मापांशी तुलना लिहा’ असं तोंडाने सांगा. सांगितलं नाही तर बहुतेक वेळा नवा रिपोर्ट जुन्याकडे न बघताच लिहिला जातो.

आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी माप आलं ५५ × ४५ × ४२. सगळ्यात मोठं माप तीन मिमीने वाढलेलं, आणि घरचे म्हणाले, वाढतेय, काढून टाक. सरासरी काढली तर ४७. म्हणजे एक मिमी. काहीच बदललेलं नाही. एक माप तर चक्क कमी झालं होतं.

रोजच्या जगण्यावर बंधनं घालण्याची गरज नसते. चालणं, नेहमीचा व्यायाम, शरीरसंबंध चालू ठेवता येतात. पोट जोरात चोळून ‘गाठ मोडण्याचे’ प्रकार तेवढे करू नका. खाण्यातलं तेल-तूप कमी केल्याने गाठीतलं तेल कमी होत नाही. ते तिथेच तयार होतं.

सावधान: दोन-तीन वर्षं माप स्थिर राहिलं की तपासणी चुकवायची इच्छा होते. गाठ जाणार नसते, त्यामुळे निरीक्षणालाही आपोआप संपणारी मुदत नसते. तपासण्यांमधलं अंतर वाढवायचं असेल तर डॉक्टरांशी बोलून वाढवा.

## ६. शस्त्रक्रिया ठरली तर आधी हे बोलून घ्या

दुसऱ्या वर्षी आपल्या उदाहरणातलं माप ५६ × ४८ × ४४ आलं, सरासरी ४९. आकाराने फार फरक नव्हता. पण त्याआधीच्या दोन महिन्यांत तिला उजव्या बाजूला दोनदा अचानक कळ आली, अर्ध्या तासात थांबली, एकदा उलटीही झाली. शिवाय तिला आता मूल हवं होतं. अर्धवट पीळ पडून सुटल्याचा संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. शस्त्रक्रिया ठरली ती या कारणाने, दोन मिमीच्या वाढीने नव्हे.

तारीख घेण्याआधी शल्यचिकित्सकाशी पुढचे मुद्दे स्पष्ट करा.

फक्त गाठ, की अख्खं अंडाशय? मूल हवं असलेल्या आणि पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये गाठ सोलून काढायची आणि अंडाशय ठेवायचं, हा नेहमीचा मार्ग. पाळी गेल्यानंतर मात्र अंडाशयासकट काढणं अनेकदा जास्त सोयीचं आणि सुरक्षित ठरतं. संमतीपत्रावर काय लिहिलंय ते वाचा. ‘गरज पडल्यास अंडाशय काढणे’ असं असेल तर गरज म्हणजे काय, ते विचारा. पीळ पडून काळंनिळं दिसणारं अंडाशयही पीळ सोडवल्यावर पुष्कळदा सावरतं. नुसता रंग बघून ते काढायची प्रथा आता मागे पडली आहे.

दुर्बिणीतून, की पोट उघडून? शक्य असेल तिथे दुर्बिणीतून. टाके लहान, दुखणं कमी, घरी लवकर जाता येतं. अवाढव्य गाठ किंवा कर्करोगाची शंका असेल तर पोट उघडणं योग्य ठरू शकतं.

आतला पदार्थ सांडू नये म्हणून काय करणार? हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही, आणि या शस्त्रक्रियेत खरं कसब इथेच आहे. गाठ सोलताना फुटून आतलं तेल आणि केस पोटात सांडू शकतात. म्हणून सुटी झालेली गाठ पोटातच एका पिशवीत घालून, पिशवीतच फोडून बाहेर काढतात. तरीही सांडलं तर कोमट सलाइनने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, भरपूर धुतात. त्यासाठी काही लिटर लागतात. कोमटच का, तर थंड सलाइनने स्निग्ध पदार्थ गोठतो आणि निघत नाही. नीट धुतलं तर सांडल्याने होणारी पोटाची दाहक प्रतिक्रिया फार क्वचित दिसते. सांडणं म्हणजे निष्काळजीपणा असंही नाही, धुण्यात कसर राहणं हा दोष.

दुसऱ्या अंडाशयाचं काय? ते डोळ्यांनी नीट पाहायचं. सोनोग्राफीत निरोगी दिसलं असेल तर ‘आत लपलाय का बघू’ म्हणून चिरायचं नाही. विनाकारण चिरल्याने निरोगी भाग जातो.

दोन्ही बाजूंच्या गाठी असतील किंवा अंडाशयावर आधी एक शस्त्रक्रिया झालेली असेल, तर एएमएच ही बीजसाठ्याचा अंदाज देणारी तपासणी शस्त्रक्रियेआधी करून ठेवा. नंतर काय बदललं, हे तिच्यावाचून कळत नाही.

तपासा: शस्त्रक्रिया ठरल्यापासून तारखेपर्यंत कळ आली तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हे लिहून घेतलंय का? तारीख ठरली म्हणून पीळ थांबत नाही.

## ७. शस्त्रक्रियेनंतर

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं आणि ते आपोआप थांबतं. बैठं काम एक-दोन आठवड्यांत सुरू करता येतं, जड उचलण्याला डॉक्टर सांगतील तितका जास्त वेळ द्या. दुखणं दिवसागणिक उतरत जायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढू लागलं, ताप आला, पोट फुगलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आतड्याला इजा किंवा सांडलेल्या पदार्थाची दाहक प्रतिक्रिया याच काळात डोकं वर काढते.

गाठीचा तपासणी अहवाल, म्हणजे ज्याला सगळे बायोप्सी रिपोर्ट म्हणतात, तो हातात घेतल्याशिवाय प्रकरण मिटलं असं समजू नका. टाके काढायला जाताना तो विसरला जातो. त्यात ‘मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा’ असं लिहिलं असेल तर ते साध्या डर्मॉइडचंच नाव आहे. ‘टेराटोमा’ शब्दाने घाबरू नका. त्याऐवजी ‘इम्मॅच्युअर’ असेल किंवा घातक पेशींचा उल्लेख असेल, तर गोष्ट पूर्णपणे वेगळी. ती लगेच कर्करोगतज्ज्ञाकडे न्यायला हवी. थायरॉइडच्या पेशी जास्त प्रमाणात सापडल्याचं लिहिलं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचा अहवाल साधा आला. अंडाशय वाचलं, पिशवी वापरली गेली, थोडं सांडलं ते धुतलं गेलं, आणि हे सगळं शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलेलं होतं. ते टिपण मागून घ्या. पुढे कधी पोटावर दुसरी शस्त्रक्रिया झाली तर डॉक्टरांना त्याची गरज पडते. मूल कधीपासून हवंय हे शल्यचिकित्सकाला सांगून प्रयत्न सुरू करायची वेळ विचारून घ्या. साध्या शस्त्रक्रियेनंतर सहसा फार थांबावं लागत नाही.

गाठ सोलून काढल्यावर त्याच किंवा दुसऱ्या बाजूला नवा डर्मॉइड होण्याची शक्यता शंभरात काही जणींना असते. तरुण वयात, मोठ्या किंवा दोन्ही बाजूंच्या गाठी असलेल्यांना थोडी जास्त. म्हणून सहा महिने ते वर्षभरात एक सोनोग्राफी करून घ्या आणि तिची तीन मापं तिसऱ्या पायरीतल्यासारखी नोंदवून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर लगेच केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय सुजलेलं आणि वेडंवाकडं दिसतं, त्यातून ‘गाठ राहिली’ असा चुकीचा अर्थ निघतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत त्रास नसताना ती करू नका.